रोकड कमी भरली, तर किर्दीत काय लिहावे?

विचारणा (पतसंस्थेच्या नियमावलीची भाषा तपासणाऱ्या सदस्या): दिवसअखेरीस रोखपालाकडची रोकड किर्दीतल्या शिलकेपेक्षा कमी भरल्यास काय करावे, याचे एक कलम आमच्या मसुद्यात आहे. तिथे ‘रोख तुटवडा’ असे म्हटले असून ती रक्कम चौकशी होईपर्यंत ‘अनामत खात्यात’ दाखवावी, असे लिहिले आहे. हे दोन्ही शब्द मला खटकतात. प्रत्यक्ष काम करणारे कोणते शब्द वापरतात?

एक भाषांतरकार: ‘तुटवडा’ निश्चित चुकीचा आहे. २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर एटीएमपुढे रांगा लागल्या, तो नोटांचा तुटवडा होता. इथे हिशेबातली ‘तूट’ आहे. ‘अनामत’ मात्र ठेवावा, कारण रक्कम तात्पुरतीच ठेवायची आहे.

निवृत्त शाखाधिकारी: ‘तूट’ मान्य आहे, ‘अनामत’ नाही. अनामत ही दुसऱ्याने आपल्याकडे ठेवलेली रक्कम, म्हणजे संस्थेचे देणे. तूट ही उलट कुठून तरी परत यायची, निदान यावी अशी अपेक्षा असलेली रक्कम असते. रोकड जास्त भरली, तर त्या जादा रकमेला अनामत एक वेळ शोभेल. कमी भरली, तर आमच्याकडे ‘उचंत’ म्हणत, म्हणजे कारण सापडेपर्यंत रक्कम तात्पुरती दाखवायचे खाते.

उदाहरण देतो. किर्दीप्रमाणे शिल्लक १,८६,४५० रुपये आहे आणि दोनदा मोजूनही हाती १,८२,८५० भरतात, म्हणजे तूट ३,६०० रुपयांची आहे. प्रथम १,८०० रुपयांची एखादी नावे चिठ्ठी चुकून जमेकडे चढली आहे का ते पाहावे, कारण बाजू चुकली की फरक दुप्पट पडतो. मग ३,६०० ला नऊने भाग जातो, हे लक्षात घेऊन आकड्यांची अदलाबदल शोधावी, कारण अशा चुकीचा फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. तरीही काही सापडले नाही, तर त्याच दिवशी उचंत खाते नावे आणि रोकड जमा अशी ३,६०० रुपयांची नोंद करावी, म्हणजे किर्दीतली शिल्लक आणि तिजोरीतली रक्कम एक होते. ‘उद्या सापडेल’ म्हणून पेटीत चिठ्ठी ठेवणे, हा सर्वांत वाईट उपाय होय.

समजा, दोन दिवसांनी एका खातेदाराची पैसे भरल्याची स्थळप्रत ३,७०० रुपयांची आणि खात्यातली जमा ७,३०० रुपयांची निघाली. मग त्याचे खाते ३,६०० ने नावे करून उचंत खाते जमा करायचे. रोकडीला पुन्हा हात लावावा लागत नाही, कारण पैसे मुळात आलेच नव्हते.

पेट्रोल पंपावरचे हिशेबनीस: आमच्याकडे कमी भरलेले पैसे महिनाअखेर त्या पाळीतल्या मुलाच्या पगारातून कापतात. मग ‘रोखपालाकडून येणे’ एवढेच का लिहू नये? उचंत कशाला?

निवृत्त शाखाधिकारी: त्या नोंदीने चौकशीआधीच निर्णय होतो. वरच्या उदाहरणात पहिल्याच दिवशी रोखपालाकडून पैसे घेतले असते, तर खातेदाराच्या खात्यातली चूक त्याने स्वतः भरल्यासारखे झाले असते आणि ती चूक शोधायची गरजही कोणाला वाटली नसती. त्याने स्वेच्छेने भरले, तर ते उचंत खात्यात जमा करावे. चूक सापडल्यावर परत देता येतात.

सहकारी बँकेतल्या रोखपाल: तत्त्व पटते, पण आमच्या शाखेत तूट संध्याकाळीच भरून घेतात. रोखपालांना त्यासाठीच भत्ता मिळतो, असा युक्तिवाद असतो. शिवाय उचंत खात्यात रक्कम पडून राहिली की लेखापरीक्षक विचारतात. दोन्ही पद्धती चालू आहेत आणि नियमावलीने एकच पक्की करावी, हेच बरे.

भाषांतरकार: मग ‘अपहार’ केव्हा म्हणायचे?

निवृत्त शाखाधिकारी: हेतू दिसल्यावरच. मात्र कळवण्याचे नियम हेतूची वाट पाहतातच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या व्यापारी बँकांसाठीच्या २०१६ च्या निर्देशांत १०,००० रुपयांवरची तूट, संशय नसला तरी, फसवणूक म्हणून कळवायची होती. रोखपालाने त्याच दिवशी सांगितली नाही आणि ती तपासणीत उघड झाली, तर ही मर्यादा ५,००० वर येई. २०२४ मध्ये ते निर्देश बदलले, तेव्हा हे आकडे आज वापरू नयेत. कलमात मात्र ‘तूट’च लिहावे आणि तूट कळवण्याची वेळ ‘त्याच दिवशी’ अशी घालावी.

विचारणाऱ्या सदस्या: आभारी आहे. मी असे वाक्य सुचवते: ‘दिवसअखेर रोकड कमी भरल्यास ती तूट त्याच दिवशी उचंत खात्यास नावे टाकावी, नोंदीत दिनांक व रोखपालाचा खिडकी क्रमांक लिहावा आणि शाखाधिकाऱ्यास लेखी कळवावे.’ खिडकी क्रमांक घेतला, नाव वगळले. रक्कम किती दिवस उचंत खात्यात ठेवता येईल, ते संचालक मंडळाने ठरवायचे आहे. तिथे तूर्त जागा कोरी ठेवली आहे.

सहकारी बँकेतल्या रोखपाल: ती जागा कोरीच मंजूर होऊ देऊ नका. आमच्या नियमावलीत तशीच राहिली आहे.