धागा: फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी एसआयपी मोडायची आहे. मार्चमध्ये विकू की एप्रिलमध्ये?

चिंचवडकर
मंडळी, 20 मेपर्यंत बिल्डरला साडेसहा लाख द्यायचे आहेत. एका फ्लेक्सी कॅप फंडात दरमहा 15 हजारांची एसआयपी एप्रिल 2021 पासून चालू आहे. आजची एनएव्ही साधारण 150. अ‍ॅपवर एकूण नफा 25-26 टक्के दिसतोय. म्हणजे साडेसहा लाख काढले तर नफा साधारण एक लाख तीस हजार, आणि सव्वा लाख माफ, असा माझा हिशोब. मग सगळं आत्ताच काढून मोकळा होऊ का? नोकरदार आहे, नवी करप्रणाली. शिवाय दोन वर्षांपूर्वी घेतलेला एक शेअर 40 हजार तोट्यात पडून आहे, त्याचंही काही करता येईल का?

बाणेरचा_बंड्या
इतका विचार कशाला? नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत टॅक्सच नाही. तुमचं उत्पन्न त्याखाली असेल तर कितीही नफा होऊ दे. आणि तो शेअर नक्की विका, तोटा नफ्यातून वजा होतो.

आकडेमोड
बंड्याभाऊ, 12 लाखांची ती सवलत पगार, व्याज वगैरे उत्पन्नावरच्या टॅक्सला आहे. इक्विटीच्या नफ्याला वेगळा दर लागतो आणि त्या टॅक्सला ही सवलत मिळत नाही. 23 जुलै 2024 पासून हिशोब असा: वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के, वर्ष उलटून विकलं तर आर्थिक वर्षातला पहिला सव्वा लाख नफा माफ आणि वरच्यावर 12.5 टक्के, शिवाय 4 टक्के सेस.

चिंचवडकर, तुमचा 25 टक्क्यांचा आकडा इथे उपयोगाचा नाही. अ‍ॅप सगळ्या हप्त्यांची सरासरी दाखवतं. विकताना मात्र त्या फोलिओतली सगळ्यात जुनी युनिट्स आधी गेली असं धरतात. आणि तुमची जुनी युनिट्सच सगळ्यात स्वस्तात घेतलेली असणार. कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून हप्तावार स्टेटमेंट काढा आणि पहिल्या चौदा-पंधरा महिन्यांची सरासरी खरेदी किंमत इथे टाका.

चिंचवडकर
काढलं. पहिली 2,200 युनिट्स सरासरी 95 ला पडली आहेत. पुढची 2,100-2,200 साधारण 104 ला.

आकडेमोड
बघा मग. 2,200 युनिट्स विकली की हातात 3 लाख 30 हजार, पण नफा युनिटमागे 55 म्हणजे 1 लाख 21 हजार. उरलेल्या 3 लाख 20 हजारांसाठी अजून 2,134 युनिट्स, नफा युनिटमागे 46, म्हणजे 98 हजार. एकूण नफा 2 लाख 19 हजार. तुमच्या अंदाजापेक्षा नव्वद हजारांनी जास्त. एकाच वर्षात सगळं काढलंत तर 94 हजारांवर टॅक्स, सेस धरून 12,240 च्या आसपास.

यावर उपाय सोपा. पैसे मेमध्ये लागणार आहेत, म्हणजे मध्ये 31 मार्च येतोय. पहिला भाग मार्चमध्ये, दुसरा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दोन्ही वर्षांची माफी वेगवेगळी मिळते. सगळ्या युनिट्सना वर्ष झालेलं आहे, त्यामुळे बहुतेक एक्झिट लोडही नाही; तरी फंडाच्या माहितीपत्रकात बघून घ्या. खात्यात पैसे कधी आले याला महत्त्व नाही, कोणत्या तारखेची एनएव्ही लागली ते बघतात. दुपारी 3 च्या आत विनंती गेली तर त्या दिवसाची लागते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, मार्चअखेरीस सुट्टी आली तर घोळ होतो.

शेअर यंदा विकू नका. दोन वर्षं झाली म्हणजे तो दीर्घकालीन तोटा. तो आधी नफ्यातून वजा होतो आणि उरलेल्याला सव्वा लाखाची माफी लागते. तुमचा यंदाचा नफा तसाही माफीतच बसणार असेल तर 40 हजारांचा तोटा फुकट जळेल. ज्या वर्षी नफा सव्वा लाखाच्या बराच वर जाईल त्या वर्षी तो कामाला येईल.

बाणेरचा_बंड्या
बरं, 12 लाखांचं पटलं. पण तोटा पुढे ओढता येतो ना आठ वर्षं? मग जळेल कसा?

आकडेमोड
पुढे ओढायला आधी उरायला हवा. यंदा नफा असताना तो नफ्यातून वजा करावाच लागतो, राखून ठेवायची मुभा नाही. उरला तरच पुढे, तोही रिटर्न मुदतीत भरलं तर.

सुनिता_नाशिक
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? आई 73 वर्षांची, उत्पन्न म्हणजे फक्त एफडीचं व्याज, 2 लाख 20 हजार. तिच्या इक्विटी फंडात 3 लाखांचा दीर्घकालीन नफा आहे. तिलाही दोन वर्षांत फोडून काढायला सांगू का?

आकडेमोड
ताई, गरज नाही. नव्या प्रणालीत 4 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त, त्यातली 1 लाख 80 हजारांची जागा आईंची रिकामी आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला ती जागा या नफ्याने भरता येते. 3 लाखांतून ती वजा केली की 1 लाख 20 हजार उरतात, ते माफीत. रिटर्न मात्र भरा. तुमचे बंधू परदेशात असतील आणि त्यांच्या नावावर गुंतवणूक असेल तर त्यांना ही सोय नाही.

चिंचवडकर
आकडेमोड साहेब, एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका फंडातून रेग्युलरचं डायरेक्टमध्ये स्विच केलं होतं. पैसे तर काढले नाहीत, ते धरायचं नाही ना?

आकडेमोड
धरायचं! स्विच म्हणजे जुनं विकून नवं घेणं. स्टेटमेंटमध्ये तो नफा किती दिसतोय?

चिंचवडकर
38 हजार. सगळी युनिट्स तीन वर्षांपूर्वीची होती.

आकडेमोड
मग यंदाची जागा 87 हजारच उरली. मार्चमध्ये 2,200 ऐवजी साधारण 1,550 युनिट्स विका, सव्वादोन-अडीच लाख मिळतील. बाकीची एप्रिलमध्ये. तेव्हा नफा सव्वा लाखाच्या आठ-नऊ हजार वर जाईल, टॅक्स हजार-बाराशे. सगळं आत्ताच काढलंत तर स्विच धरून सतरा हजारांच्या घरात जाल. स्विच केलेल्या युनिट्सचं वर्षही ऑगस्टपासून नव्याने सुरू झालंय, त्यांना ऑगस्टआधी हात लावू नका.

जुनी_जखम
हजारांचं गणित छान आहे, पण एप्रिलपर्यंत बाजार तीन टक्के पडला तर? चार लाखांवर बारा हजार गेले. बिल्डरला द्यायचा पैसा बाजारात ठेवूच नये. मी तर आजच सगळं काढेन.

आकडेमोड
हा मुद्दा मी नाकारणार नाही. मधले दिवस थोडेच आहेत आणि बाजार वरही जाऊ शकतो, पण तारीख ठरलेला पैसा आहे हे खरं. माझ्या मते दोन-तीन आठवड्यांसाठी एवढी जोखीम चालेल.

चिंचवडकर
बायको जुनी_जखम यांच्या बाजूने आहे. 1,550 ची विनंती आज टाकतोय, उरलेल्यावर घरात चर्चा चालू आहे.