मदत हवी आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवरचा खासगी संवाद मॅनेजरने वाचला

नमस्कार. आमच्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर आहे. ते आहे हे माहीत होतं, सहीही केली होती. ग्राहकांचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून लक्ष ठेवणं मला मान्यच आहे. पण गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत व्हॉट्सॲप वेबवर बहिणीशी आईच्या बायोप्सीबद्दल बोलत होते, तो स्क्रीनशॉट मॅनेजरने उघडून वाचला आणि टीमसमोर त्यावरून विचारलं. तेव्हापासून झोप नाही.

रोमानियातल्या बार्बुलेस्कू खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2017 मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत किती खोलवर असेल, मजकूरही वाचला जाईल का, हे आधी सांगितलं होतं का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आमच्या पॉलिसीत फक्त 'मॉनिटरिंग होईल' एवढंच आहे. तो निकाल इथे बंधनकारक नाही, हे कळतं. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. पण आईचा आजार त्यात कसा बसतो?

एचआरला लिहिताना तो स्क्रीनशॉट पुसायला आणि तो कोणी-कोणी पाहिला याची नोंद द्यायला सांगू का? असं पत्र कोणी दिलंय का? कामगार कायदा जाणणारे वकील पुण्यात कोणी सुचवाल का?