परदेशातून निमंत्रणपत्र मागवताना काय काय लिहून घेतलंत? अनुभव सांगा

निशिगंध (नाशिक)

गेल्या वर्षी आई-बाबांचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. दादा मिसिसागाला असतो, त्याला तिथे कायम राहायची परवानगी, म्हणजे पीआर, मिळून चार वर्षं झाली. मी त्याला फक्त एवढंच कळवलं होतं, "दादा, आई-बाबांसाठी इन्व्हिटेशन लेटर पाठव." त्याने त्याच रात्री चार ओळी पाठवल्या: आई-वडिलांना बोलावतो आहे, सगळा खर्च मी करीन, कृपया व्हिसा द्यावा. खाली टाइप केलेलं नाव, सहीसुद्धा नाही. मी ते तसंच अपलोड केलं.

नकाराच्या पत्रात कारण ठरावीक होतं: भेटीचा हेतू पाहता मुदतीनंतर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटत नाही. यातून काय सुधारायचं ते कळेना. दादा तिथला पीआर असल्यामुळे त्याने आई-बाबांची संमतीची सही घेऊन, पाच डॉलर भरून अधिकाऱ्याची टिपणं मागवली. त्यात स्पष्ट होतं की किती दिवस राहणार ते सांगितलेलं नाही आणि बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाचा कागद नाही.

दुसऱ्या वेळी मी दोघांचे पासपोर्ट समोर उघडून बसले आणि दादाला हा मेसेज केला. जसाच्या तसा देते, फक्त नावं आणि नंबर काढलेत.

"दादा, पत्र नव्याने लिही. वर तारीख घाल. आधी आई-बाबांचं: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, म्हणजे आईच्या नावात बाबांचं नावही येईल, ते गाळू नकोस. दोघांच्या जन्मतारखा, नाशिकचा आताचा पत्ता (पासपोर्टवरचा जुना नको), फोन. मग नातं. मग कशासाठी येतायत ते नेमकं: तुझं नवं घर बघायला आणि तुमच्याकडे राहायला. किती दिवस: १० मे ते २५ जुलै. परत कधी निघणार ती तारीख वेगळ्या वाक्यात लिही. कुठे राहणार: तुझ्या घरी, पूर्ण पत्त्यासह. तिकीट बाबा काढणार, तिथलं राहणं-खाणं आणि विमा तुझ्याकडे, असं विभागून लिही. आता तुझं: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, नोकरीतलं पद, पीआर असल्याचं. वहिनीचं आणि मुलांचं नाव, जन्मतारखा. घरात एकूण किती माणसं राहतात तो आकडा. खाली पेनाने सही करून स्कॅन कर. सोबत पीआर कार्डाच्या दोन्ही बाजू, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि गेल्या वर्षीचं टॅक्सचं नोटीस ऑफ असेसमेंट पाठव. तारखा बदलल्या तर आधी मला सांग, कारण फॉर्ममध्ये त्याच भरायच्या आहेत."

दादाने दीड पान लिहिलं. व्हिसा आला. तो पत्रामुळेच आला असं मी म्हणणार नाही, कारण या वेळी बाबांच्या पेन्शनचे कागद आणि सातबाऱ्याचं भाषांतरही जोडलं होतं. पण आधीच्या पत्रात जे नव्हतं ते टिपणांत नोंदलं गेलं होतं, हे खरं.

तुम्ही पत्र मागवताना काय सांगितलंत, काय राहून गेलं, ते इथे लिहा. नोकरीच्या ठिकाणाहून किंवा परदेशी कंपनीकडून मागवलं असेल तर तेही.

कऱ्हाकाठ

एवढा खटाटोप कशाला? माझ्या सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा मुंबईत झाला. मेहुणीने तीन पानी पत्र, बँकेचे कागद, सगळं कुरियर केलं होतं. खिडकीवरच्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही. तुम्ही काय करता, आधी कुठे गेला होता, एवढं विचारलं आणि झालं. पत्राला कोणी बघत नाही.

टेबलामागची (ठाणे)

कऱ्हाकाठ, तुम्ही म्हणता ते अमेरिकेपुरतं बरोबर आहे. टुरिस्ट व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत नाही असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. अर्जदाराची मुळं इथे किती घट्ट आहेत ते त्यांना बघायचं असतं. कॅनडाला मात्र मुलाखत बहुतेकदा होतच नाही. अधिकारी फक्त कागद वाचतो, म्हणून तिथे पत्रच तुमच्या वतीने बोलतं.

मी चौदा वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज भरते. पत्रात माहिती कमी असते त्याहून जास्त वेळा ती फॉर्मशी जुळत नाही. फॉर्ममध्ये राहण्याचे दिवस अडीच महिने, मुलाच्या पत्रात "सुमारे सहा महिने", आणि विम्याचं कोटेशन तिसऱ्याच तारखांचं. फॉर्ममध्ये खर्च स्वतः करणार, पत्रात मुलगा करणार. वाचणाऱ्याला दोन्ही खरं कसं वाटेल? म्हणून मी पत्र आधी मागवते आणि ते समोर ठेवूनच फॉर्म भरते.

लग्न झालेली मुलगी बोलावत असेल तर आणखी एक अडचण येते. मुलीच्या पासपोर्टवर सासरचं नाव, जन्मदाखल्यावर माहेरचं, आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागाच कोरी. मग ही यांचीच मुलगी हे कळायचं कसं? पत्रात एक वाक्य हवं: माझं लग्नाआधीचं नाव अमुक, लग्न अमुक तारखेला झालं. त्याला विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. दाखल्यात नाव कोरं असेल तर ते नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून आधी भरून घ्या. त्याला वेळ लागतो, तेव्हा पत्र मागवायच्या आधीच त्याच्यामागे लागा.

रेवदंडा

माझी मुलगी टोरोंटोजवळ आहे, फेब्रुवारीत बाळंतपण आहे. पत्रात "बाळंतपणासाठी आणि बाळाला सांभाळायला" असं लिहावं का? माझी नणंद म्हणते, अजिबात नको, तिथे मुलं सांभाळणं म्हणजे काम धरतात आणि वर्क परमिट विचारतात. "फिरायला येतेय" एवढंच लिही म्हणते.

टेबलामागची (ठाणे)

खोटं लिहू नका. सत्तर वर्षांची बाई फेब्रुवारीत बर्फात फिरायला चालली, हे कोणाला पटेल? आईने मुलीकडे राहून बाळाला मोबदल्याशिवाय सांभाळणं याला कॅनडा काम मानत नाही. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या सूचनांमध्ये अगदी हेच उदाहरण दिलेलं आहे. डॉक्टरांचं प्रसूतीच्या तारखेचं पत्र जोडा आणि परत यायची तारीख ठाम लिहा.

निशिगंध (नाशिक)

माझ्या ओळखीतल्या एका ताईंच्या अर्जात बाळंतपणच लिहिलं होतं आणि नाकारलं गेलं. त्यांनी टिपणं मागवली नाहीत, त्यामुळे कशामुळे ते कळलंच नाही. म्हणून मला अजून धाकधूक वाटते.

चाकणवाला

माझा अनुभव नातेवाइकांचा नाही, कंपनीचा आहे. आम्ही जर्मनीतून एक मशीन घेतलं. पाठवण्याआधी तिथे जाऊन चाचणी बघून सही करायची होती, आठ दिवसांचं काम. त्यांच्या सेल्सच्या माणसाने पत्र दिलं, त्यात लिहिलं होतं की मी "मशीनवर काम करायला" येतोय. आमच्या एचआरच्या मॅडमनी ते तिथेच थांबवलं. बिझनेस व्हिसावर मीटिंग, चाचणी, पाहणी चालते. प्रत्यक्ष नोकरीसारखं काम असेल तर वेगळी परवानगी लागते. मी खरंच फक्त चाचणी बघणार होतो, तर तेच लिहायला हवं होतं.

तेव्हापासून मी मसुदा स्वतः लिहून पाठवतो आणि "एवढं लेटरहेडवर घेऊन सही करा" म्हणतो. त्यांनाही ते सोयीचं पडतं. मसुद्यात असतं: माझं पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट नंबर, हुद्दा, आमच्या कंपनीचं नाव, दोन्ही कंपन्यांचा संबंध, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा नंबर आणि तारीख, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, रोज काय, विमान, हॉटेल, जेवण यांचा खर्च कोण करणार ते एकेक करून, आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, थेट फोन, ईमेल. आमच्या कंपनीच्या पत्रातही खर्चाचं वाक्य हेच हवं. एकदा त्यांनी हॉटेल त्यांच्याकडे लिहिलं आणि आम्ही सगळंच आमच्याकडे.

एका खेपेला दूतावासातून जर्मनीला फोन गेला. सही करणारा सुट्टीवर होता आणि रिसेप्शनवरच्या बाईंना माझं नावही माहीत नव्हतं. व्हिसा मिळाला, पण चार दिवस लांबला आणि तिकीट बदलावं लागलं. आता मी विचारून घेतो, "या आठवड्यांत तुम्ही जागेवर आहात ना?"

सदाफुली

माझ्या मुलाला दुबईच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. त्यालाच निमंत्रणपत्र म्हणायचं ना?

टेबलामागची (ठाणे)

नाही, ताई. ती नोकरी आहे. त्याचा एंट्री परमिट कंपनीच काढते. त्याला निमंत्रणपत्र मागायला सांगू नका, परमिटची प्रत मागायला सांगा आणि ती हातात येईपर्यंत इथला राजीनामा देऊ देऊ नका.

गुलबक्षी (म्युनिक)

जर्मनीबद्दल आणखी थोडं, कारण मी आईला बोलावताना चुकले. छान पत्र लिहिलं, "सगळा खर्च मी करीन" असंही लिहिलं. पण खर्चाची हमी घ्यायची तर इथे साधं पत्र पुरत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार दाखवून हमीपत्र घ्यावं लागतं. त्याला जर्मनमध्ये फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. फी २९ युरो. त्यांच्या छापील कागदावर शिक्क्यासह मिळतं आणि मूळ प्रतच आईला कुरियरने पाठवावी लागली, स्कॅन चालला नाही. सहा महिन्यांच्या आत ते व्हिसाच्या अर्जात वापरावं लागतं. माझ्या शहरात अपॉइंटमेंटच पाच आठवड्यांनी मिळाली, म्हणून आईची मुंबईची तारीख पुढे ढकलावी लागली. आई स्वतःच्या पैशांवर येणार असेल तर हे लागत नाही, मग तिच्या बँकेचे कागद भक्कम हवेत. साधं पत्र तरीही जोडा. नातं, तारखा आणि पत्ता त्यातूनच कळतो.

रेवदंडा

टेबलामागची, एक राहिलं. जावई म्हणतायत, आई-वडिलांसाठीचा तो जास्त मुदतीचा सुपर व्हिसाच करूया, म्हणजे पुन्हा पुन्हा अर्ज नको. तेव्हा पत्र मुलीने लिहायचं की जावयांनी? आणि नोटरी लागते का?

टेबलामागची (ठाणे)

पत्र मुलीचं. सुपर व्हिसात बोलावणारं पोटचं मूल किंवा नातवंडच लागतं. मुलीचं एकटीचं उत्पन्न कमी पडत असेल तर जावयांनी पत्रावर सोबत सही करायची आणि त्यांचेही टॅक्सचे कागद जोडायचे. राहण्याच्या पूर्ण काळाचा खर्च उचलण्याचं वचन त्यात स्पष्ट हवं. घरातल्या माणसांची नावं आणि आकडा इथे जास्त महत्त्वाचा, कारण उत्पन्नाची किमान मर्यादा त्यावरच ठरते, आणि त्या मोजणीत तुम्हीही धरल्या जाता. विमा एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा. नोटरी सहसा मागत नाहीत, पण काही कार्यालयं मागू शकतात, तेव्हा अर्ज करताना तुम्हाला दिसणारी यादी नीट वाचा. मी एका घरच्यांना नोटरी नको म्हटलं होतं आणि त्यांच्याकडून नंतर मागितली गेली.

रेवदंडा

मुलीला आजच मेसेज करते. तिच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरीच आहे, आत्ता कपाटातून काढून बघितला. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाते.