अनुभव धागा: तेलाचं पाकीट, कॅन की डबा? शंभर ग्रॅमला किती पडतं ते लिहा

काकतीकर
गणपत गल्लीत सूर्यफूल तेलाची दोन पाकिटं शेजारी लावलेली दिसली आणि सगळी पाकिटं लिटरचीच असायची ते दिवस आठवले. २०२२ मध्ये ठरावीक मापातच भरायचं हे बंधन गेलं, तेव्हापासून ८५०, ८०० ग्रॅम असले आकडे आलेत. पाकीट लांबून तेवढंच दिसतंय.
समजा ९१० ग्रॅम १६० रुपयांना आणि ८५० ग्रॅम १५२ ला. हात १५२ कडेच जातो. पण १६० भागिले ९.१ म्हणजे शंभर ग्रॅमला १७.५८, आणि १५२ भागिले ८.५ म्हणजे १७.८८. स्वस्त दिसतंय तेच महाग. तुमच्याकडची गणितं टाका.

निपाणीची_वैनी
भागाकार कशाला करूलासा? दर पाकिटावरच छापतात की आता. बघायचं आणि उचलायचं. कुकर लावलाय, जाते.

घाण्याचा_हिशेब
वैनी, छापतात खरं, पण दोन ठिकाणी घोटाळा होतो. किलोच्या आतल्या पाकिटावर दर एका ग्रॅमचा असतो, तोही दोनच दशांश स्थळांपर्यंत. वरच्या दोन्ही पाकिटांवर ०.१८ च येईल, फरक त्यातच बुडाला. दुसरं म्हणजे तो दर एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानदार एकावर १५ रुपये सोडतो, दुसऱ्यावर ४. तेव्हा देणार ते पैसे धरूनच भागायचं.

पांडू_खानापूर
एक लिटर म्हंजे एक किलोच की ओ. एवढं काय त्यात.

घाण्याचा_हिशेब
पाण्याचं तसं, पावनं. तेल हलकं असतंय, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. लिटरच्या भावाला १.१ नं गुणलं की किलोचा भाव आला. १६० चा लिटर म्हणजे १७६ चा किलो.
खरी मेख डब्यात आहे. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दुकानात शेजारी असतात, दिसायला भाऊ-भाऊ. १५ लिटरमध्ये तेल १३ किलो ६५० ग्रॅमच. समजा लिटरचा डबा २४०० आणि किलोचा २५५०. दीडशे वाचले म्हणून लिटरचा उचलला, तर शंभर ग्रॅमला १७.५८ पडले, म्हणजे सुट्या पाकिटाएवढेच. किलोच्या डब्यात १७ रुपये. फोनवरून मागवताना नुसतं ‘पंधराचा डबा’ म्हणू नका.

शहापूर_अक्का
आणि ५ लिटरचा कॅन? तो तरी स्वस्त पडत असेल.

काकतीकर
अक्का, कॅनमध्ये ४ किलो ५५० ग्रॅम. ८२५ ला असला तर शंभर ग्रॅमला १८.१३, म्हणजे पाकिटापेक्षा महाग. प्लास्टिकचे पैसे त्यातच आले. सूट लागली की पारडं फिरतं, म्हणून दर वेळी नव्यानं काढायचं.

चंदगडची_लेक
बीपीला कुठलं तेल चांगलं? शेंगदाणा की करडई? सासूबाईंसाठी विचारायलोय.

शहापूर_अक्का
ते डॉक्टरना विचार गं. इथं वजनाचं चाललंय.

पांडू_खानापूर
बरं पटलं. मग लिटर बघायचं की ग्रॅम?

घाण्याचा_हिशेब
ग्रॅमच. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. काही कंपन्या ६० अंशाला मोजलेला लिटर छापायच्या. त्या तापमानाला लिटरभर दिसणारं तेल वजनाला ९१० च्या खालीच भरतं. तापमान न लिहिता माप छापा, असं ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये बजावलं. तरी बारीक अक्षरं वाचा. घाण्यावर सुटं घेताना पण लिटरचं माप नको, काट्यावर घ्या, भांड्याचं वजन आधी वजा करून.

निपाणीची_वैनी
आले परत. डबा स्वस्त पडला तरी दोघांच्या घरात तो संपतो कधी? फोडल्यावर हवा लागून खवट वास येतो. वाचलेल्या पैशापेक्षा टाकलेलं तेल महाग.

काकतीकर
किलोचा डबा वरच्या हिशेबात पाकिटापेक्षा ८७ रुपयांनीच स्वस्त आहे. पाव लिटर टाकलं तर चाळीस तिथंच गेले, अर्धा लिटर टाकलं तर जवळजवळ सगळेच.

शहापूर_अक्का
दोन घरांत वाटून घ्यायचा की! आणि रिकामा डबा विकला जातोय, ते पैसे कुणी धरलेच नाहीत.

पांडू_खानापूर
तांदळाचं २५ किलोचं सोडून २६ किलोचं पोतं का निघालंय ओ?

घाण्याचा_हिशेब
२५ किलोपर्यंतच्या छापील पोत्यावर ५ टक्के जीएसटी, त्याहून मोठ्यावर नाही. जुलै २०२२ पासून. पण मधे एक किलो जास्त आहे, तेव्हा भाव २६ नंच भागा.

चंदगडची_लेक
रिकामा डबा कितीला जातो अक्का? आमच्याकडं तीन पडलेत.