मदत हवी आहे: आई-वडिलांसाठी डेस्कटॉप, वीज वारंवार जाते

वाशिष्ठीकाठ:
माझे वडील ७९ वर्षांचे व आई ७४ वर्षांची असून दोघे चिपळूणला राहतात. मोबाइलवरची अक्षरे वडिलांना दिसत नाहीत, त्यामुळे नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि बिले भरणे, एवढ्यासाठीच डेस्कटॉप लागतो. पावसाळ्यात वीज सारखी जाते. प्रत्येक वेळी जुन्या संगणकाची तारीख २०१५ वर जाते, बँकेचे पान उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे दिसते आणि वडील घाबरतात. नव्यासाठी आय३ १२१००एफ, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, २४ इंची मॉनिटर व ६०० व्हीएचा यूपीएस ठरवला आहे. ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. घरात इन्व्हर्टर आहे. काही चुकते आहे का?

पाटीपेन्सिल:
तारखेचा दोष विंडोजचा आहे. नवे विंडोज टाकून इंटरनेट जोडले की वेळ आपोआप बरोबर होते.

जुना_कारागीर:
थोडा फरक विंडोज सुधारते, परंतु काही वर्षांचा फरक पडला की बहुधा आपणहून सुधारत नाही. मूळ दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलचा दिसतो. तो संपला की वीज जाताच घड्याळ मागे जाते, आणि त्या जुन्या तारखेला बँकेचे आजचे प्रमाणपत्र सुरूच झालेले नसते, म्हणून ब्राउझर अडवतो. तारीख बरोबर करून प्लग रात्रभर काढून ठेवा आणि सकाळी इंटरनेट सुरू होण्याआधी बायोसमध्ये पाहा. नव्या संगणकातही हा सेल काही वर्षांनी बदलावा लागेल, हे वडिलांच्या वहीत लिहून ठेवा.

दुसरे असे की, ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. साधा १२१०० घ्या. या कामाला ८ जीबी रॅमही पुरते. वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर घाला.

माहेरवाशीण:
माझ्या सासूबाईंकडे यूपीएसमुळे संगणक चालू राहायचा, तरी कॉल तुटायचा, कारण राउटर आणि फायबरचा डबा भिंतीच्या साध्या प्लगवर होते. तेही यूपीएसवर जोडले आणि प्रश्न सुटला. मात्र इन्व्हर्टरवर वीज आली की आमचा यूपीएस सारखा बीप करत स्वतःच्या बॅटरीवर जातो. याचे कारण कोणी सांगेल का?

जुना_कारागीर:
इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर काही यूपीएस ती वीज स्वीकारत नाहीत. साइन वेव्हचा असूनही असे होत असेल, तर मला पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वाशिष्ठीकाठ:
शेजाऱ्यांच्या मुलाकडून काल रात्री प्लग काढून ठेवला. सकाळी तारीख पुन्हा २०१५ होती. आज सेल बदलतो आहे, म्हणजे नवा संगणक जुळेपर्यंत तरी बिले भरता येतील. ‘एफ’ रद्द केला. आमचा इन्व्हर्टर कोणत्या प्रकारचा आहे ते पावतीवर लिहिलेले नाही. यूपीएस त्याच्यावर जोडावा की वेगळ्या प्लगवर, याबद्दल अनुभव असल्यास कृपया कळवावे.