मदत हवी आहे: मॉडबस मीटर ते प्रोफिबस गेटवे, बंद फीडरचे kW गोठते आणि रीडिंग मिनिटभर उशिरा येते

फीडर_नऊ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका पॅनेलमध्ये ९ एनर्जी मीटर आहेत, सगळे मॉडबस आरटीयू, आरएस-४८५ वर, ९६०० बॉड, ईव्हन पॅरिटी. तिथून एक गेटवे, आणि पुढे प्रोफिबस डीपीवर S7-300. प्रत्येक मीटरकडून सहा रीडिंग घेतो: व्होल्टेज, करंट, kW, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी आणि kWh. गेटवेमध्ये प्रत्येक रीडिंगला वेगळी कमांड टाकलेली आहे (पॅनेलवाल्याने तशीच करून दिली होती). टाइमआउट १००० मिलिसेकंद, रिट्राय ३.

एरवी नवं रीडिंग चार-पाच सेकंदांत येतं, त्याची तक्रार नाही. पण रात्री दोन फीडर बंद केले की बाकीच्या सात मीटरची रीडिंगसुद्धा जवळजवळ मिनिटभराने बदलतात. या kW वर लोड शेडिंगचं लॉजिक आहे, इनकमर वर गेला की एक कॉम्प्रेसर उतरवायचा. मिनिटभराने कळून काय उपयोग?

दुसरं म्हणजे, बंद केलेल्या फीडरचं kW पीएलसीत शून्य होत नाही. ब्रेकर ऑफ, मीटरचा डिस्प्ले काळा, आणि स्क्रीनवर आपलं ४२ kW दिसतंय. प्रोफिबस १.५ एमबीपीएसवर आहे. तो १२ वर नेला तर फरक पडेल का?

जुना_वायरमन
आधी टर्मिनेशन बघा. दोन्ही टोकांना १२० ओहम आहे का? शील्ड एकाच बाजूला अर्थ केलीय का? निम्मे मॉडबसचे रोग तिथेच असतात.

फीडर_नऊ
बघितलं दादा, दोन्ही टोकांना आहे. सगळे मीटर चालू असताना एरर काउंटर हलतही नाही.

लॅडरवाली
मग वायरिंग सोडा, आणि प्रोफिबसचा बॉडही सोडा. पीएलसी गेटवेची मेमरी आत्ताच काही मिलिसेकंदांत वाचतोय. ती मेमरीच जुनी आहे. जुना आकडा आणखी लवकर वाचून काय मिळणार?

तुमचाच हिशोब मांडते. ९६०० ला ईव्हन पॅरिटीसह एक बाइट ११ बिटांचा, म्हणजे साधारण १.१५ मिलिसेकंद. विचारणा ८ बाइटची, दोन रजिस्टरचं उत्तर ९ बाइटचं, दोन्ही मिळून वीसेक मिलिसेकंद. मीटर विचार करायला ५० घेतो असं धरा, मधली शांतता धरून एक कमांड ८० च्या आसपास जाते. ९ मीटर गुणिले ६, म्हणजे ५४ कमांड, सव्वाचार सेकंद. तुमच्या चार-पाच सेकंदांशी जुळलं.

आता एक मीटर मेला. त्याची एक कमांड पहिला प्रयत्न आणि ३ रिट्राय मिळून ४ सेकंद खाते. सहा कमांड, २४ सेकंद. दोन मीटर, ४८. उरलेल्या सातांचे साडेतीन सेकंद धरले की झालं तुमचं मिनिट. लाइन एकच आहे, त्यामुळे मेलेल्याची वाट बघताना जिवंतांना कोणी विचारत नाही.

४२ kW चं कारण निराळं. उत्तर आलं नाही तर गेटवे शेवटचा आकडा तसाच ठेवतो. बहुतेक गेटवेंत ही सेटिंग असते, शेवटचा आकडा ठेवा किंवा शून्य करा. पण नुसतं शून्य करू नका, कारण केबल तुटली तरी शून्यच दिसेल आणि लॉजिक समजेल की लोड उतरला. प्रत्येक मीटरचा एक कम्युनिकेशन बिट पीएलसीत आणा. नऊ बिट, एका वर्डमध्ये मावतात.

शून्य_ऑफसेट
एवढं कशाला? टाइमआउट १०० करा, रिट्राय शून्य. दोन मिनिटांचं काम. मी तसंच केलंय, पळतंय.

लॅडरवाली
कमी करायचा हे बरोबर, पण १०० कुठून काढला? मीटर कधीकधी सव्वाशे घेतो. मग हे होतं (सीआरसी वगळून, मीटर नंबर ५):

```
10:15:02.100 > 05 03 00 00 00 02
10:15:02.200 > 05 03 00 06 00 02
10:15:02.231 < 05 03 04 43 66 00 00
```

पहिल्या ओळीत व्होल्टेज विचारलं. १०० मिलिसेकंद संपले, गेटवेने नाद सोडला आणि करंट विचारला. तेवढ्यात व्होल्टेजचं उत्तर आलं. आरटीयूच्या उत्तरात मीटरचा नंबर, फंक्शन आणि बाइट किती एवढंच असतं. कुठल्या रजिस्टरचं आहे ते नसतं. सगळं जुळतंय म्हणून गेटवे ते करंटच्या जागी ठेवतो. 43660000 म्हणजे २३०.०. तुमच्या स्क्रीनवर क्षणभर २३० अँपिअर.

शून्य_ऑफसेट
हां... आमच्या ट्रेंडमध्ये मधूनच असे खांब येतात खरे. आम्ही नॉइज म्हणून फिल्टर टाकला होता.

साखर_ड्राइव्ह
माझंही गेटवेचंच आहे. व्हीएफडीला स्पीड पाठवतो, तो उशिरा जातो. माझाही टाइमआउट कमी करू का?

लॅडरवाली
तुमचं लिहिण्याचं आहे, वाचण्याचं नाही. स्पीडची कमांड प्रत्येक फेरीत न पाठवता बदल झाला की पाठवा, आणि ते रजिस्टर ड्राइव्हच्या ईईप्रॉममध्ये सेव्ह होत नाही ना ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. सतत लिहून ईईप्रॉम मरतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गोंधळ होईल.

फीडर_नऊ, यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लाइनला समांतर लावा, नुसतं ऐका, आणि मीटरला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट टाइमआउट, रिट्राय १. मग सहा कमांडची एक करा.

फीडर_नऊ
मोजलं. सगळ्यात वाईट १४० मिलिसेकंद, म्हणून ३०० ठेवला. पण एका कमांडमध्ये येत नाही. पहिली पाच रीडिंग ४० रजिस्टरमध्ये पसरलीत आणि kWh पार लांब. ४० रजिस्टर म्हणजे ८० बाइट, नऊ मीटरचे ७२०. आमचा गेटवे उत्तर जसंच्या तसं प्रोफिबसवर टाकतो, निवडून घेता येत नाही. आणि डीपीला इनपुट २४४ बाइटच्या वर जात नाही.

लॅडरवाली
मीटरचं मॅन्युअल बघा. काही मीटरमध्ये आपल्याला हवी ती रजिस्टर सलग लावून घेता येतात. फ्रिक्वेन्सी नऊ मीटरकडून कशाला घेता? एका ग्रिडवर ती सगळीकडे सारखीच. ती काढली की पाच रीडिंग, १० रजिस्टर, २० बाइट. नऊ मीटरचे १८० आणि स्टेटसचे २. एक कमांड ९५ मिलिसेकंदांच्या आसपास, पूर्ण फेरी सेकंदाच्या आत. दोन मीटर मेले तरी दोन सेकंद.

जुना_वायरमन
मी तर म्हणतो लोड शेडिंग गेटवेवर ठेवूच नये. इनकमरला ट्रान्सड्यूसर लावा, ४-२० एमए सरळ पीएलसीच्या अॅनालॉग कार्डला.

लॅडरवाली
दोन सेकंदांना कॉम्प्रेसर उतरवायला हरकत काय आहे? कम्युनिकेशन बिट गेला की काय करायचं ते लॉजिकमध्ये लिहा म्हणजे झालं.

जुना_वायरमन
गेटवेच हँग झाला तर तो बिट कोण खाली आणणार ताई?

फीडर_नऊ
आठ मीटरमध्ये सलग रजिस्टर लागली. फेरी सेकंदाच्या जवळपास आली, रात्री दोन बंद असताना दोनच्या आत. स्टेटस वर्डही येतोय, काळ्या मीटरचं kW आता बेरजेत धरत नाही.

राहिला इनकमरचा. तो जुन्या मॉडेलचा आहे, त्यात ही सोय नाही. सलग वाचायला गेलं की मधल्या रिकाम्या रजिस्टरवर 02 एक्सेप्शन देतो. सध्या त्याला दोन कमांड ठेवल्यात, एक kW ची आणि एक kWh ची. जुना_वायरमन दादांच्या प्रश्नासाठी गेटवेकडून फेरीगणिक वाढणारा काउंटर मिळतो का बघतोय, मॅन्युअलमध्ये सापडत नाहीये. कोणी केलंय का?