मदत हवी आहे: फुटपाथवर सेल बदलल्यापासून बाबांच्या घड्याळाच्या काचेत धुकं धरतंय

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. बाबा 2013 साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी त्यांना एक स्टीलचं क्वार्ट्झ घड्याळ दिलं होतं. बाबा गेल्यापासून ते मी वापरते. मागच्या झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट 5 बार’ असं कोरलेलं आहे.

जूनच्या शेवटी ते बंद पडलं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला फुटपाथवर टेबल मांडून बसणाऱ्या एकाकडून सेल बदलून घेतला. 80 रुपये, पाच मिनिटांचं काम. झाकण त्याने चाकूच्या टोकाने उचकटलं. बसवताना ते तळहाताने दाबून बसेना, म्हणून फडकं गुंडाळून पकडीने दाबलं. तेव्हा मला काही खटकलं नाही, गाडीची घाई होती.

तीन आठवडे सगळं ठीक होतं. आता रोज ऐरोलीला ऑफिसात पोचून एसीत बसले की काचेच्या आतून धुकं धरतं आणि दुपारी बाहेर पडले की जातं. गेल्या गुरुवारी पावसात हात भिजला, त्यानंतर मात्र तीनच्या आकड्याजवळ आत चक्क बारीक थेंब दिसले. घड्याळ अजून चालू आहे.

हे सेल बदलल्यामुळेच झालं का? घरी काही करता येईल का? आणि प्रेशर टेस्ट म्हणतात ती नेमकी कशी करतात? हे घड्याळ मला गमवायचं नाही.

रवी_कोपरखैरणे

ताई, घाबरू नका. पावसाळ्यात झाकण उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तीच आत अडकते. एसीत काच गार पडली की ती वाफ काचेवर धरते. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. माझा भिजलेला मोबाइल तसाच वाचला होता.

सुलभा_नौपाडा

सेल लवकर संपत असेल तर दुकानदार जुना माल खपवतात, तारीख बघून घ्यावा. आमच्या ह्यांचं चावी द्यायचं एचएमटी अजून उत्तम चालतं, त्याला सेलच लागत नाही.

मृण्मयी_ठाणे

सुलभाताई, सेल संपत नाहीये, पाणी आत जातंय असं वाटतं.

बाकावरचा_घड्याळजी

मृण्मयीताई, मी वाशीत 26 वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता निवृत्त आहे. पहिलं म्हणजे घड्याळ आजच हातातून काढा. चावी, म्हणजे वेळ लावायची गुंडी, ओढू नका आणि फिरवूही नका. दोन-चार दिवसांत झाकण उघडून घ्या. थेंब आत असताना रोज घातलंत तर आधी चावीच्या दांड्याला गंज धरेल, मग काटे फिरवणाऱ्या चाकांना, आणि मग नवं मशीन टाकायची वेळ येईल.

रवीसाहेबांनी धुक्याचं कारण बरोबर सांगितलं, पण थेंबांचा हिशोब त्यात बसत नाही. घड्याळाच्या आत फार तर घनसेंटिमीटरभर हवा मावते. जुलैतल्या दमट हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये जेवढी वाफ असते, तिचं पाणी केलं तर नळाच्या एका थेंबाचा हजारावा भागही भरत नाही. तेवढ्याने काचेवर पुसट धुकं येतं आणि जातं. डोळ्यांना थेंब दिसले, तेही हात भिजल्यावर, म्हणजे पाणी बाहेरून आलेलं आहे. धुकं आधी आणि थेंब नंतर हा तुमचा क्रमही तेच सांगतो.

तांदळाने यात काही होत नाही. झाकण बंद असेल तर आतली वाफ तांदळापर्यंत पोचणार कशी? आणि ज्या फटीतून ती पोचेल, त्याच फटीतून उद्या पुन्हा पाणी येईल.

आता झाकणाचं. तुमचं झाकण दाबून बसणारं आहे. त्याच्या कडेला रबराची बारीक काळी रिंग असते, आम्ही तिला गास्केट म्हणतो. दहा वर्षांत हे रबर चपटं आणि कडक होतं. झाकण चारी बाजूंनी एकदम खाली गेलं तर रिंग सरळ दाबली जाते. त्यासाठी आमच्याकडे हातप्रेस असते. झाकणावर एक आणि काचेच्या बाजूला एक अशा मापाच्या चकत्या लावतो, म्हणजे जोर काचेवर न येता घड्याळाच्या काठावर येतो. पकडीने दाबलं की झाकण तिरकं उतरतं, एका बाजूला रिंग दुमडते किंवा चिरते. भिंगातून झाकणाच्या सांध्याकडे बघा. काळ्या दोऱ्यासारखं काही बाहेर आलेलं दिसलं तर ती रिंगच आहे. न दिसली तरी ती शाबूत आहे असं मात्र समजू नका.

रवी_कोपरखैरणे

काका, तांदळाचं पटलं. पण फुटपाथवाला तरी काय करणार? 80 रुपयांत प्रेस आणि गास्केट कुठून आणायचं?

बाकावरचा_घड्याळजी

खरं आहे, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पाणी न लागणाऱ्या साध्या घड्याळाचा सेल त्याने बदलला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मात्र कोणता सेल घातला ते बघायला हवं. अशा घड्याळात बहुधा सिल्व्हर ऑक्साइडचा 377, म्हणजेच SR626SW असतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल AG4 नावाने बराच स्वस्त मिळतो आणि तोही बरोबर बसतो. पण सिल्व्हर ऑक्साइडचा दाब शेवटपर्यंत 1.55 व्होल्टच्या आसपास टिकतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो, आणि तो आत गळण्याची भीतीही जास्त. तो द्रव पितळ आणि तांबं खातो. कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते, तिथे पोचला तर मशीन गेलंच.

निनाद_पाचपाखाडी

धागा बघून विचारतो. माझ्या तीन छोट्या डायलच्या घड्याळाचा सेल बदलल्यापासून मोठा सेकंदकाटा बारावर न थांबता दोनवर थांबतो. पाणी गेलंय का?

बाकावरचा_घड्याळजी

नाही. अशा मशीनला सेल घातल्यावर रीसेट करावं लागतं, ते राहिलं असेल. मॉडेलप्रमाणे चावी आणि बटणांचा क्रम ठरलेला असतो. काही मशीनमध्ये झाकण उघडं असताना खूण केलेली एक जागा आणि सेल चिमट्याने क्षणभर जोडावे लागतात. तुमच्या घड्याळाचं माहितीपत्रक आधी बघा, चावी बाहेर ओढून बटणांनी जमलं तर झाकण उघडायला नको.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार. भिंगातून पाहिलं तर साडेसातच्या बाजूला खरंच काळा दोरा दिसला! काल नौपाड्यातल्या एका दुकानात नेलं. त्यांनी सगळं माझ्यासमोर केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आत AG4 होता. गळला नव्हता. गास्केट साडेसातजवळ चिरलेलं होतं आणि बाकी भाग पट्टीसारखा चपटा झाला होता. चावीच्या दांड्यावर तांबूस डाग होता. त्यांनी मशीन बाहेर काढून सुकवलं, खोबण लाकडी काडीने साफ केली आणि तेवढ्याच व्यासाचं नि जाडीचं नवं गास्केट घेतलं. सिलिकॉन ग्रीस भिनवलेल्या स्पंजच्या दोन गाद्यांमध्ये ते नुसतं दाबून काढलं. एवढंसं ग्रीस पुरतं का असं विचारल्यावर म्हणाले, पाणी रबर अडवतं, ग्रीस फक्त त्याला पीळ न पडता जागेवर सरकू देतं. मग 377 घातला आणि प्रेसने झाकण बसवलं.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी कोरड्या टेस्टच्या यंत्रात ठेवलं आणि घड्याळ नापास झालं. यंत्र फक्त हवा गळते एवढंच सांगतं, कुठून ते सांगत नाही. म्हणून मशीन पुन्हा बाहेर काढलं, रिकामी केस, म्हणजे घड्याळाची नुसती स्टीलची डबी, बंद करून पाण्याच्या यंत्रात टांगली. आधी पाण्याच्या वर ठेवून हवेचा दाब 3 बार केला, काही मिनिटं थांबले, मग केस पाण्यात उतरवून दाब सावकाश कमी केला. पट्ट्याच्या कानांजवळ एकदोन बुडबुडे आले, ते बाहेर अडकलेल्या हवेचे म्हणून त्यांनी सोडून दिले. आणि मग चावीपाशी बारीक बुडबुड्यांची सलग माळ सुरू झाली. झाकणाकडून एकही नाही. त्यांनी केस लगेच वर उचलली.

चावी बदलली, कारण तिच्यातली रिंग सुटी मिळत नाही. दांडाही नवा घातला. दोन्ही टेस्ट पास झाल्या, मग मशीन बसवून कोरडी टेस्ट पुन्हा केली. एकूण 1,150 रुपये.

आता मला कळत नाही की पाणी नक्की कुठून आलं होतं, झाकणातून की चावीतून?

बाकावरचा_घड्याळजी

दुकान चांगलं निवडलंत. केस रिकामी करून पाण्यात घालणारे थोडेच. गळणारं घड्याळ मशीनसकट बुडवलं तर टेस्टच त्याचा घात करू शकते. केस वर का उचलली तेही सांगतो. दाब उतरत असताना आतली हवा बाहेर येते, त्यामुळे पाणी आत जात नाही. आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की फटीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं.

तुमच्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आता मिळणार नाही. चिरलेलं गास्केट फुटपाथवरचं, पण चावीची रिंग वयाने गेलेली, ती जूनच्या आधीपासून गळत असणार. थेंब तीनजवळ दिसले म्हणजे चावीतूनच आले असं नाही, पाणी आत फिरतं आणि गार जागी बसतं. दांड्यावरचा डाग मात्र तीन आठवड्यांपेक्षा जुना वाटतो.

रवी_कोपरखैरणे

पण झाकणावर 5 बार कोरलंय ना? मग टेस्ट 3 बारला का? 5 ला नापास झालं असतं तर?

बाकावरचा_घड्याळजी

त्यावर आमच्यातही एकमत नाही. मी स्वतः जुन्या घड्याळाला 3 च्या वर नेत नसे, काच आणि तिचं गास्केटही तितकंच जुनं असतं. काहीजण म्हणतात कोरलेल्या आकड्याला पास झालं नाही तर गिऱ्हाइकाला पाणीबंद म्हणून देऊच नये. तेही चुकीचं नाही. मृण्मयीताई, बिलावर त्यांनी किती बारला पास असं लिहून दिलं आहे का?

मृण्मयी_ठाणे

बिलावर 3 बार आणि कालची तारीख आहे. आज दिवसभर एसीत होते, काच स्वच्छ राहिली. पोहायला नाहीच नेणार, पण पावसात ऐरोली स्टेशनवरून चालत जाताना हातात ठेवायला हरकत नाही ना?

बाकावरचा_घड्याळजी

बिनधास्त घाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, कोरडी टेस्ट तेवढी परत करून घ्या.